मदत हवी आहे: जपानी हिरव्या चहाचं पाकीट, कप आणि तापमान

पाकिटाचा फक्त फोटो आहे. पत्ती डब्यात भरून पाकीट कोणीतरी चुलीत टाकलं. फोटोवरून मोबाईलने भाषांतर केलं. जपानी बाजूला एक चहाचा चमचा पत्ती, २०० मिली पाणी, ८०℃. इंग्रजी बाजूला तेवढीच पत्ती, पण १ कप (8 fl oz) आणि 175°F.

तापमान जुळतं: १७५ मधून ३२ वजा करून ५ ने गुणलं, ९ ने भागलं, तर ७९ च्या वर येतं. कप मात्र जुळत नाही. ८ औंस म्हणजे साधारण २३७ मिली. आमचा टपरीचा कप तर त्याच्या निम्माही नाही, म्हणून औषधाच्या मापाने मोजतो.

आपल्या चहासारखी उकळली तेव्हा पत्ती कडूजहर झाली. थर्मामीटर नाही. मग तीन वाट्या उकळतं पाणी नि एक वाटी माठातलं (२५℃ धरून) असा हिशेब केला, तो ८१ येतो. पण स्टीलचा गंजही उष्णता खातो ना?

दूध-साखर घालायची नाही. एका चमच्याला २०० मिली धरू की २३७? गंज आधी गरम पाण्याने विसळला तर ३:१ चालेल का? आणि वेळेच्या आकड्यावर फ्लॅशची चकाकी आली आहे, शेवटचं शून्य नि 秒, म्हणजे सेकंद, तेवढं दिसतं. अशा पत्तीला ३० सेकंद असतात की ६०?