पदवी नाही, पण काम दाखवायचे आहे : स्वतः केलेल्या प्रकल्पांचे अनुभव

रेघोटी (धागाकर्ती)

डेटा अॅनालिसिस मी कोणत्याही महाविद्यालयात न जाता, घरी बसून शिकले. पहिल्या मुलाखतीच्या वेळी माझ्या गिटहबच्या खात्यावर पाच प्रकल्प होते आणि त्यांतला पहिला, अर्थातच, टायटॅनिकच्या प्रवाशांचा होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी एवढेच विचारले, की ८९१ प्रवाशांपैकी १७७ जणांचे वय नोंदलेले नाही, तर त्या रिकाम्या जागी तुम्ही सरासरी का भरलीत? मी ज्या व्हिडिओवरून शिकले होते त्यात तसे केले होते, याखेरीज माझ्याकडे काहीच उत्तर नव्हते. पाचही प्रकल्पांची गत तीच होती, म्हणून घरी आल्यावर मी चार काढून टाकले.

त्यानंतर एका लहान वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदी मागून घेतल्या. पुस्तके उशिरा का परत येतात, हा त्यांचाच प्रश्न होता. देवघेवीच्या १२४० ओळी होत्या आणि सभासदांची यादी वेगळी होती. दोन्ही जोडल्यावर १३११ ओळी झाल्या, आणि ते माझ्या लक्षातही आले नाही. दंडाची एकूण रक्कम वाचनालयाच्या वहीतल्या बेरजेपेक्षा जास्त निघाली, तेव्हा शोध सुरू केला. सभासदत्वाचे नूतनीकरण करताना काही जणांची नोंद त्याच क्रमांकाने पुन्हा केली गेली होती. असे ३८ क्रमांक यादीत दोनदा होते, त्यांच्या नावावर ७१ देवघेवी होत्या, आणि त्या सगळ्या दुप्पट मोजल्या गेल्या होत्या.

ही चूक मी लपवली नाही. README.md मध्ये चुकीची बेरीज, ती कशी पकडली आणि दोन नोंदींपैकी अलीकडची का ठेवली, हे तीन परिच्छेदांत लिहिले. पुढच्या मुलाखतीत बराचसा वेळ त्या तीन परिच्छेदांवरच बोलणे झाले आणि काम मिळाले. आपण काय दाखवलेत आणि समोरच्याने काय पाहिले, ते कृपया लिहावे.

उंबरठा

अभिनंदन. माझा अनुभव असा, की संख्या महत्त्वाची असते. निदान दहा प्रकल्प असावेत आणि रोज एक तरी कमिट करावी, म्हणजे खात्यावरचे हिरवे चौकोन भरलेले दिसतात आणि माणूस सातत्याने काम करतो हे सिद्ध होते. मी वर्षभर एकही दिवस चुकवला नाही. मुलाखतीची बोलावणी मात्र अद्याप फारशी आलेली नाहीत.

जुना चष्मा

गेली काही वर्षे उमेदवारांचे असे प्रकल्प तपासण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उंबरठा, कमिटचा इतिहास पाहिला जातो हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण चौकोन कोणी मोजत बसत नाही. मी संदेश वाचतो. ‘बदल’, ‘पुन्हा बदल’, ‘शेवटचा बदल’ अशा तीनशे कमिटींवरून काहीच कळत नाही. उलट ‘दुबार सभासदांमुळे बेरीज वाढत होती, दुरुस्त’ अशी एकच ओळ दिसली तर मी तिथे थांबतो. सगळा प्रकल्प एकाच कमिटमध्ये चढवलेला असेल तर थोडी शंका येते, मात्र तेवढ्यावरून कोणाला नाकारणे अन्याय्य ठरेल, कारण पुष्कळ जण गिट उशिरा शिकतात. शिवाय कमिटची तारीख हवी ती घालता येते, त्यामुळे तो इतिहास हा पुरावा नव्हे; फार तर काय विचारावे हे त्यावरून ठरते.

यानंतर मी प्रकल्प माझ्या संगणकावर उतरवून चालवून पाहतो, आणि निम्म्याहून अधिक प्रकल्प इथेच पडतात. कारण बहुधा क्षुल्लक असते : फाइलचा पत्ता `C:\Users\...` असा स्वतःच्या संगणकाचा लिहिलेला असतो, किंवा लायब्ररींची यादी दिलेलीच नसते. पाठवण्यापूर्वी प्रकल्प एका कोऱ्या फोल्डरमध्ये नव्याने उतरवून, केवळ README वाचून चालतो का ते पाहावे. दुसऱ्या कोणाच्या संगणकावर पाहिले तर आणखी चांगले.

रेघोटीताई, आपली चूक मी अनुभवी माणसांच्या हातूनही झालेली पाहिली आहे. पांडाजमध्ये जोडणी करतानाच अट घालता येते :

```python
df = loans.merge(members, on="member_id",
                 how="left", validate="many_to_one")
```

सभासदांच्या यादीत एखादा क्रमांक दोनदा आला, तर जोडणी न होता `MergeError` येतो आणि चूक तिथेच उघडी पडते. ही अट आपल्या प्रकल्पात दिसली असती तर मी आणखी एक प्रश्न विचारला असता : दोन नोंदींपैकी अलीकडची ठेवली, पण जुन्या देवघेवीच्या वेळी त्या सभासदाचा वर्ग वेगळा असेल तर काय?

रेघोटी

नेमके हेच माझ्याकडून सुटले आहे. काही जण विद्यार्थी सभासद होते आणि नंतर साधारण सभासद झाले. त्यामुळे ‘विद्यार्थी पुस्तके वेळेवर परत करतात’ हा माझा निष्कर्ष आता मलाच डळमळीत वाटतो. नूतनीकरणाची तारीख यादीत आहे, तेव्हा देवघेवीच्या दिवशी लागू असलेली नोंद घेऊन पुन्हा मोजते. जुना निष्कर्षही खोडून न टाकता README मध्ये तसाच ठेवीन.

केवडा

अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे पोर्टफोलिओच्या सुरुवातीला लावावीत की शेवटी? माझ्याकडे चौदा आहेत.

जुना चष्मा

शेवटी, आणि त्यांतली दोन-तीनच. धाग्याचा विषय मात्र प्रकल्पांचा आहे.

सुईदोरा

माझे क्षेत्र अगदी निराळे आहे, तरी लिहिते. मी शिवणकाम स्वतः शिकले आणि आधी केवळ तयार कपड्यांची छायाचित्रे दाखवत असे. एका अनुभवी बाईंनी कपडा उलटा करून दाखवायला सांगितले. तेव्हापासून मी प्रत्येक नमुन्याची आतल्या शिवणीची आणि कच्च्या शिलाईवर बसवून पाहतानाची छायाचित्रे जोडते. खांदा कुठे ओढला जात होता आणि किती उसवून सैल केला, हे त्यांत दिसते. काम देणारे बाहेरची छायाचित्रे झरझर पाहतात आणि आतल्यांवर रेंगाळतात.

उंबरठा

संदेशांची गोष्ट पटली. माझे बहुतेक संदेश ‘अपडेट’ असेच आहेत. पण एक शंका राहतेच. अर्जाच्या फॉर्ममध्ये पदवीचा रकाना सक्तीचा असेल आणि तिथेच अर्ज गळत असेल, तर README कितीही चांगला असून काय उपयोग?

जुना चष्मा

तिथे माझ्याकडेही उपाय नाही. आमच्याकडेही पूर्वी हीच चाळणी होती, आणि तिच्यात गळलेले अर्ज माझ्यापर्यंत कधी पोचलेच नाहीत. जे पोचले, त्यांपैकी बरेच संबंधित विभागातल्या कोणाला तरी थेट प्रकल्पाचा दुवा पाठवून आलेले होते. तो मार्ग प्रत्येकाला उपलब्ध असतो असे म्हणवत नाही.

रेघोटी

मलाही पहिली मुलाखत फॉर्ममधून नव्हे, ओळखीतूनच मिळाली होती, हे वर लिहायचे राहिले.

पाऊलखूण

एक खबरदारीची गोष्ट. वाचनालयाच्या नोंदी जाहीर ठेवताना सभासदांची नावे काढली असतीलच, पण ती पहिल्या कमिटमध्ये होती का? फाइल नंतर पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती वाचता येते. माझ्या प्रकल्पात पासवर्डच्या बाबतीत हे घडले. मी ओळ पुसून निर्धास्त झालो होतो. अखेर पासवर्डच बदलावा लागला. नावांच्या बाबतीत तर बदलण्याचीही सोय नाही.

रेघोटी

पहिल्या दोन कमिटींमध्ये नावे होती. भांडार आत्ताच खाजगी केले आहे. उद्या नाव नसलेल्या फाइलीवरून नवे भांडार सुरू करते. जुना इतिहास जाईल, आणि मग सगळे एकाच कमिटमध्ये का, हा प्रश्न पुढच्या मुलाखतीत मला विचारला जाईल.