काही महिन्यांचा मुक्काम: टीव्ही भाड्याने की विकत? (अनुभव धागा)

अबोली
काल भाचीचा फोन आला. बंगळुरूला सात महिन्यांचं काम, सोबत आजी. "मावशी, टीव्ही भाड्याने घेऊ की विकत?" मला एकदम आमचं २०२२ चं हैदराबाद आठवलं. तेव्हाही सातच महिने, आणि सोबत सासूबाई. टीव्ही नसता तर त्या दुसऱ्या दिवशी साताऱ्याला परत गेल्या असत्या.
आम्ही ३२ इंची भाड्याने घेतला. जाहिरातीत महिना ६९० रुपये. पैसे भरताना १८ टक्के जीएसटी धरून ८१४ झाले. डिपॉझिट १५००, आणून देण्याचे ४००, भिंतीवर लावायचे ४५०. परत नेताना माणूस म्हणाला, रिमोटचं मागचं झाकण नाही. ३०० कापले. झाकण सासूबाईंच्या पानाच्या डब्यात निघालं, पण गाडी गेल्यावर! उरलेलं डिपॉझिट तीन आठवड्यांनी आलं, तेही चार फोन केल्यावर.
तुमचे अनुभव लिहा, भाचीला धागा पाठवते.

गण्या_कोकणी
भाड्याने म्हणजे गणपतीत आणायचो तसा का? टीव्ही, व्हिडिओ, तीन कॅसेटी, अख्खी वाडी अंगणात. तिसऱ्या पिक्चरला फक्त मी आणि कुत्रा जागा.

अबोली
गणूभाऊ, एका रात्रीसाठी नाही हो, सात महिन्यांसाठी 😄

निमा_पुणे
विकतच घ्या. डिपॉझिट, डिलिव्हरी, भाडं सगळं धरलं तर नवा टीव्ही येतो. बिनव्याजी हप्ते पण मिळतात, म्हणजे भाड्याएवढेच पैसे आणि वस्तू आपली.

खतावणी
निमाताई, अर्धं पटलं. डिपॉझिट खर्चात धरू नका, ते अडकलेले पैसे आहेत. खर्च फक्त कापतात तेवढाच. आणि 'बिनव्याजी'वर बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी लागते, शिवाय बँक व्याजाच्या भागावर जीएसटी लावते. थोडेच असतात, पण असतात.
अबोलीताईंचाच हिशेब घेऊ. भाडं ८१४ गुणिले ७ म्हणजे साधारण ५७००. त्यात परत न येणारे ८५० आणि झाकणाचे ३००. झाले ६८५०. आता विकतचा १२००० चा धरा, भिंतीवर लावायचे ४५०. निघताना ७००० ला गेला तर खर्च ५४५०, म्हणजे विकतचा स्वस्त. पण ५००० लाच गेला तर ७४५०, भाडं स्वस्त! सगळा खेळ विकताना काय मिळतं यावर आहे. पहिल्या हिशेबाने साधारण सव्वापाच महिन्यांपुढे विकत परवडतो, दुसऱ्याने पावणेआठ महिन्यांपुढे. भाची नेमकी मधे सापडली आहे.
विकत घेतला तर खोकं, थर्माकोल आणि बिल जपून ठेवायला सांगा. वर्षाच्या वॉरंटीतले काही महिने शिल्लक असतात, बिल असलं की घेणारा घासाघीस कमी करतो.

प्रथमेश ७७
खोकं कुठे ठेवणार? १ बीएचकेत आम्ही त्यावर चादर टाकून इस्त्री करायचो. शेवटी बुरशी आली.
आणि विकायला शेवटचा आठवडा ठेवू नका. मी ठेवला. रविवारी ट्रेन, शनिवारी रात्री एक मुलगा आला, घरातल्या बांधलेल्या बॅगा बघून म्हणाला साडेतीन हजार. दिला.

अनघा_वि
माझं वेगळंच. बारा महिन्यांचा प्लॅन घेतला, कारण महिन्याचं भाडं कमी होतं. पाचव्या महिन्यात कंपनीने परत पुण्याला बोलावलं. मग त्यांनी पाचही महिने छोट्या प्लॅनच्या दराने मोजले आणि फरक डिपॉझिटमधून घेतला. हातात काहीच आलं नाही. नियम अटींमध्ये लिहिलेला होता, वाचला कोणी!
टीव्ही आला की लगेच पांढरी स्क्रीन लावून मोबाइलवर व्हिडिओ काढा. रेघ किंवा काळा डाग असेल तर तेव्हाच दिसतो. पॅनेल आपल्या माथी मारलं तर डिपॉझिट पुरत नाही.

लीड्सकर
इथे भाड्याने घ्या की विकत, लाइव्ह टीव्ही बघायचा तर लायसन्स वेगळं लागतं. २०२५ मध्ये १७४.५० पौंड होतं. परत जाताना उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे मागता येतात, बरेच जण विसरतात.

गण्या_कोकणी
टीव्ही बघायला लायसन्स? आमच्याकडे पूर्वी रेडिओला होतं, आजोबा सांगायचे.

निमा_पुणे
घरमालक भिंतीला भोकं पाडू देतो का ते आधी विचारा. आमच्या मालकाने चार भोकांचे दोन हजार कापले. ते दोन्हीकडे लागू. टेबलावर ठेवला तर लावायचे ४५० पण वाचतील.

अबोली
हे भारी निमाताई, भाचीला लगेच कळवते. तिच्या घरात टेबलच नाही म्हणे 🤦‍♀️

खतावणी
टेबल पण भाड्याने मिळतं. काढू का हिशेब?

प्रथमेश ७७
नको!! खोकं आहे ना, त्यावर ठेवा.