शब्दचर्चा: नागिणीचा विषाणू ‘सुप्त’ म्हणावा की आणखी काही?

वैदेही: त्वचारोग विभागात येणाऱ्या रुग्णांसाठी नागीण आणि ओठावर वारंवार येणारे फोड या दोन दुखण्यांवर दोन पानी माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. अडले आहे ते ‘लेटन्सी’ या शब्दापाशी. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, चेतापेशींत राहतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनी नागीण होऊन बाहेर येतो. या मधल्या काळाला काय म्हणावे? सुप्तावस्था लिहिले तर पहिल्याच वाचक काकूंनी विचारले, “झोपलाय ना, मग झोपेतच मारा की औषधाने.” शब्द असा हवा की हा प्रश्न पडू नये, किंवा पडलाच तर उत्तर त्या शब्दातच मिळावे.

सदानंद: यासाठी ‘परिपाक काळ’ हा रूढ शब्द आहे. जंतू शरीरात शिरतो आणि लक्षणे दिसतात, त्यामधला काळ. विषाणू या काळात पाठीच्या मज्जारज्जूत असतो.

माधवी: सदानंदराव, व्याख्या बरोबर आहे, पण ती इथे लागू होत नाही. परिपाक काळात विषाणू वाढत असतो, फक्त आपल्याला दिसत नाही. कांजिण्यांचा परिपाक साधारण दोन आठवड्यांचा. वैदेही विचारते आहे त्या काळात विषाणू वाढतच नाही. जागेतही थोडा फरक आहे. तो मज्जारज्जूत नसतो, तर तिच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांपाशी संवेदना आणणाऱ्या चेतापेशींचे जे पुंजके असतात, त्यांत असतो. ओठावरच्या फोडांचा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या चेतेच्या पुंजक्यात असतो, कवटीच्या तळाशी, कानाच्या जरा पुढच्या बाजूला. ओठ बरा झाला की ओठात विषाणू उरलेला नसतो.

त्या पेशीत तो कसा असतो हे कळले की शब्द शोधणे सोपे जाते. विषाणूचे कवच मागेच राहिलेले असते. उरतो फक्त त्याचा डीएनए, दोन टोके जुळून वर्तुळ झालेला. आपल्या गुणसूत्रांत तो मिसळत नाही, शेजारी सुटा पडून राहतो. पेशी आपला डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळते त्यांच्याभोवती याचाही गुंडाळा होतो, आणि गुंडाळलेला मजकूर वाचला जात नाही. ओठाच्या विषाणूत एक आरएनए मात्र भरपूर बनत राहतो, पण त्यापासून प्रथिन होत नाही.

प्रसाद: मग शाळेच्या पुस्तकातला ‘अप्रकट उष्मा’ आठवा. उष्णता दिली जाते, तापमापीवर दिसत नाही. तसा ‘अप्रकट विषाणू’ चालेल का?

माधवी: अर्थाने चपखल आहे. पण अप्रकट म्हणजे न दिसणारा, आणि न दिसणारा गुपचूप काही करत असेल असे लोकांना वाटते.

सुनंदाताई: माझ्या आईला मार्चमध्ये नागीण झाली, डाव्या बरगडीखाली. वय ७१. शेजारणी म्हणाल्या, दोन्ही टोके जुळू देऊ नका. त्या घाबरवण्यात पाच दिवस गेले, तोवर मंत्र आणि गेरू. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी ॲसायक्लोव्हिर दिले, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. पुरळ गेले, पण दुखणे अजून आहे, पदर लागला तरी कळ येते. वर्षभर गोळ्या चालू ठेवल्या तर मुळापासून जाईल का? तुम्ही शब्दांवर बोलताय, मी मध्येच विचारले, माफ करा.

माधवी: माफी कशाला, तुमचा प्रश्न वैदेहीच्या शब्दाचाच आहे. आधी टोके जुळण्याबद्दल. विषाणू सहसा एकाच पुंजक्यातून जागा होतो आणि त्याच चेतेच्या पट्ट्यावर, एकाच बाजूला उतरतो. म्हणून पट्टा मधल्या रेषेशी थांबतो. टोके जुळली तर माणूस दगावतो, याला आधार नाही.

आता गोळ्या. विषाणूच्या डीएनएची साखळी बांधली जाताना एक एक मणी जोडला जातो, आणि प्रत्येक मण्याला पुढचा अडकवायला आकडा असतो. ॲसायक्लोव्हिर दिसायला त्यांतल्याच एका मण्यासारखे, पण त्याच्यातली साखरेची कडी अर्धवट आहे, पुढचा आकडाच नाही. तो जोडला गेला की साखळी तिथेच खुंटते.

मात्र गोळीतले औषध तसे निरुपद्रवी असते. त्याला पहिला फॉस्फेट चिकटला तरच ते कामाला लागते, आणि तो चिकटवते विषाणूचे स्वतःचे विकर, थायमिडीन कायनेज. आपल्या पेशीतले कायनेज ते काम जवळजवळ करत नाही. पुढचे दोन फॉस्फेट मात्र आपलीच पेशी लावते. म्हणून तयार औषध साठते ते विषाणू वाढत असलेल्या पेशीत. त्यातही विषाणूचे डीएनए जोडणारे यंत्र त्याला आपल्या यंत्रापेक्षा सहज उचलते.

गुंडाळलेल्या विषाणूत ते कायनेज बनतच नाही आणि साखळीही बांधली जात नाही. मग औषधाने धरायचे काय? वर्षभर घेतले तरी पुंजक्यातला विषाणू तसाच राहणार. सुरुवातीच्या ७२ तासांत द्यायचे म्हणतात ते यासाठी की तेव्हा साखळ्या भराभर बांधल्या जात असतात. तेव्हा पुरळ लवकर वाळते आणि सुरुवातीचे दुखणे लवकर ओसरते. नंतर रेंगाळणारे दुखणे टळते का, याचा पुरावा वेळेत गोळ्या घेणाऱ्यांतही तेवढा भक्कम नाही. आईंचे आताचे दुखणे दुखावलेल्या चेतेचे आहे, वाढणाऱ्या विषाणूचे नव्हे. त्याला वेगळी औषधे असतात, ती डॉक्टरांना जरूर विचारा.

सुनंदाताई: म्हणजे पाच दिवस आम्हीच घालवले.

माधवी: ती बोच राहील, पण तिसऱ्या दिवशी गेला असतात तरी हे दुखणे नक्की टळले असते असे कोणी सांगू शकत नाही.

प्रसाद: ‘साखळी खुंटते’ हे फार नेमके बसले. मी एका लेखात ‘साखळी तोडते’ वाचले होते, पण तोडणे म्हणजे आधीच बांधलेली तोडणे.

वैदेही: ते वाक्य घेतले. माझ्या मसुद्यात औषधाचा ‘निवडक परिणाम’ असे लिहिले होते, तेही खोडते आहे, त्यातून काही रुग्णांवरच परिणाम असा अर्थ निघतो. ‘विषाणू वाढत असलेल्या पेशींतच काम करते’ असे लिहीन. आता पुन्हा जागे होण्याला काय म्हणू? पुनःसक्रियता पत्रकात कोण वाचेल?

सदानंद: आमच्याकडे टायफॉइड ‘उलटला’ म्हणतात.

माधवी: उलटणे म्हणजे नुकते बरे होता होता पुन्हा पडणे. इथे मध्ये अर्धे आयुष्य जाते. मला ‘उचल खाणे’ आवडते. जुन्या दुखण्याने उचल खाल्ली म्हणतो, तेव्हा ते आतच होते हे गृहीत असते. ओठाचा विषाणू उचल खातो तो तापानंतर, कडक उन्हात, पाळीच्या आसपास, मनावर फार ताण आला की. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९०५ मध्ये चेहऱ्याच्या त्या चेतेवरच्या शस्त्रक्रियेनंतर असे फोड आलेले नोंदवले होते. चेतापेशीवर ताण आला की तिच्या आतले ताणाचे संदेश गुंडाळा सैल करतात. नागिणीचे कारण बहुतेक वेळा वेगळे, वयाने किंवा औषधांनी प्रतिकारशक्तीची पकड सुटते. मात्र एका माणसाला उन्हाने फोड येतात आणि दुसऱ्याला का नाही, हे अजून नीट उलगडलेले नाही.

प्रसाद: मग ‘दबा धरून बसलेला’ का नको?

माधवी: दबा धरणारा सावजावर डोळा ठेवून असतो. हा कशावरही डोळा ठेवत नाही, गाठोडे सैल करते ती आपलीच पेशी.

वैदेही: मसुदा असा: “कांजिण्यांचा विषाणू चेतापेशींत गुंडाळून पडून राहतो. तेव्हा तो वाढत नाही, म्हणून त्याच्यावर गोळीही चालत नाही. त्याने उचल खाल्ली की पहिल्या तीन दिवसांत या.”

सदानंद: ‘पडून राहतो’ छान आहे, पण शीर्षकात सुप्तच ठेवा. नातवंडे तोच शब्द शोधतील.

माधवी: शीर्षकात माझी हरकत नाही. ‘गोळीही चालत नाही’ मात्र बदल, लोक गोळीच घेणार नाहीत. ‘तेवढ्यापुरती चालत नाही’ असे काहीतरी हवे.

वैदेही: ‘तोवर गोळीचा उपयोग नाही’?

सुनंदाताई: हे आईला वाचून दाखवले. ‘तोवर’ कळले तिला.