बालवर्गाची सापशिडी: "पण मी तर दात घासले होते!"

बालवर्गाकडून

नमस्कार मंडळी,
४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी रोजच्या सवयींची सापशिडी छापून घ्यायची आहे. कच्चा पट १०० घरांचा आहे, त्यात ९ साप आणि ९ शिड्या. शिडीच्या पायथ्याशी "मी रोज दात घासतो" आणि सापाच्या तोंडाशी "मी दात घासले नाहीत", अशी वाक्यं टाकली आहेत. दोनदा खेळवून पाहिलं. निम्म्यावर येईपर्यंत मुलं उठून जातात. साप चावला की "पण मी तर दात घासले होते!" म्हणून रडारड होते. छपाईला देण्याआधी काय बदलावं?

ग्रंथालयातून

आपल्याकडचा मोक्षपट डोळ्यांसमोर ठेवा. त्यात सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते आणि दुर्गुणाच्या घरात साप गिळतो. आळस, क्रोध, लोभ अशी नावं स्पष्ट लिहिलेली असत. तशीच नावं ठेवली तर संस्कार आपोआप होतील. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप बहुधा जास्त असत, तेही लक्षात घ्यावं.

खेळघरातून

काका, मोक्षपटाचा सांगाडा उत्तमच आहे, पण तो वाचता येणाऱ्या आणि नियती म्हणजे काय हे कळणाऱ्या माणसांसाठी होता. ४ वर्षांच्या मुलाला "आळस" हे घर म्हणजे आपल्यालाच कोणी आळशी म्हटल्यासारखं वाटतं. १९४३ साली अमेरिकेत सापांऐवजी घसरगुंड्या काढल्या आणि शब्दांऐवजी चित्रं घातली, ते याच वयासाठी. तरी एक अडचण तिथेही राहिली, की दान पडतं नशिबाने आणि दोष लागतो मुलाला. ताई, तुमच्याकडची रडारड अगदी रास्त आहे. त्या मुलाने खरंच दात घासले होते.

म्हणून सापाच्या तोंडाशी मुलाची चूक दाखवू नका, घडलेली गोष्ट दाखवा. "झाकण ठेवलं नाही" असं न लिहिता उघड्या जिलबीला लागलेली मुंग्यांची रांग काढा. चावा बसला की खेळवणाऱ्याने एवढंच म्हणायचं, "मुंग्या आल्या!" त्या वाक्यात "तू" येता कामा नये. "बघ, तू झाकलं नाहीस ना" हे एकदा जरी तोंडून निघालं तरी खेळाची शाळा होते.

लांबीचंही पाहा. एका दानात सरासरी साडेतीन घरं सरकतात, म्हणजे साप-शिड्या सोडून १०० घरांना साधारण २९ दानं. त्यात शेवटी नेमकं दान पडायला हवं हा नियम असेल, तर शेवटच्या सहा घरांत कुठेही उभे असा, सुटायला सरासरी सहा दानं लागतात. हा नियम काढून टाका, जास्त पडलं तरी घरी पोचलं समजा. घरं ३६ ठेवा, सहा-सहाच्या सहा ओळी. मग प्रत्येकाची साधारण ११ दानं होतात. चार मुलं आणि एका दानाला २० सेकंद धरले तर पाऊण तासाचा खेळ पंधरा मिनिटांवर येतो.

विजयनगरहून

सवयीचं कार्ड ठेवलं तर? ४ नंबरच्या घरात ब्रशचं कार्ड मिळेल. पुढे दातांच्या किडीच्या सापाशी आलो आणि ब्रश जवळ असला तर साप चावणार नाही. म्हणजे सवयीचा उपयोग न बोलता दिसेल.

खेळघरातून

कल्पना फार चांगली आहे, फक्त कार्ड घरात ठेवू नका. फासा टाकत जाताना एखाद्या ठरावीक घरात नेमकं थांबण्याची शक्यता सातात दोन असते. कार्डाचं घरही लागलं आणि त्याच सापाचं तोंडही लागलं, असं बारा खेळांत जेमतेम एकदा होईल. मुलांना त्यातला संबंध कधी दिसणारच नाही.

त्याऐवजी सुरुवातीलाच चार वस्तूंपैकी दोन मुलाला निवडू द्या: पाण्याची बाटली, साबण, झाकण, ब्रश. साप चारच:

११ वरून ५, घशाला कोरड (बाटली)
१७ वरून ९, पोटात कळ (साबण)
२६ वरून २०, जिलबीला मुंग्या (झाकण)
३३ वरून २७, दाढेला कीड (ब्रश)

आता साधारण एक आड एक चावा कार्डावर वाचतो. निवड मुलाची असल्यामुळे "पुढच्या वेळी साबण घेतो" हे ते आपणहून म्हणतं. आपल्याला हवं होतं ते हेच.

१८ आणि १९ यांच्यामध्ये जाड रेघ मारून कचरागाडी काढा. आपल्या इंदूरच्या मुलांना गाडीचं गाणं आलं म्हणजे सकाळ झाली हे सांगावं लागत नाही. ती रेघ ओलांडली की नवी सकाळ, आणखी एक कार्ड. एकही साप ती रेघ मागे ओलांडत नाही हे मुद्दाम केलं आहे, नाहीतर दुसऱ्यांदा कार्ड घ्यायचं की नाही यावर भांडणं होतात.

शिड्या तीन पुरेत: २ वरून ८, १४ वरून २१, २३ वरून २९. पायथ्याशी बक्षीस नको, हाताला काम द्या. २ वर चपला जोडीने लावायच्या, १४ वर कागदाचा बोळा सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, २३ वर रुमालाची घडी. केलं की चढायचं. दहा सेकंदांहून मोठं काम देऊ नका, बाकीची मुलं फासा पळवतात.

सुदामानगरहून, एक आई

म्हणजे घरी मुलाने खरंच ब्रश केला तर त्या दिवशी एक कार्ड जास्त द्यायचं ना? आमच्याकडे सकाळी ब्रशवरून रोज महाभारत असतं, त्याला हे बरं पडेल.

खेळघरातून

नको ताई. घरच्या वागण्याचा हिशेब पटावर आला की ज्याची सकाळ बिघडली तो खेळायलाच बसत नाही. सकाळच्या भांडणाला वेगळा उपाय लागेल, हा पट नाही.

छपाईच्या कामातून

३६ घरांचा पट ६ इंची घरांनी ३ फूट होतो. चारही बाजूंना ३ इंच सोडून साडेतीन फुटी फ्लेक्स घ्या, मॅट सांगा. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटचा उजेड पडून आकडे दिसत नाहीत. गुंडाळून आलेला फ्लेक्स कडांना वळतो, म्हणून आदल्या रात्री उलटा गुंडाळून ठेवा. सापाचं तोंड घराच्या मधोमध २ इंची गोलात बसवा. तोंड रेघेवर आलं तर चावा कोणत्या घराचा, हे ठरत नाही. लहान मुलं ओळीच्या टोकाला चुकतात, ६ वरून सरळ वर ७ ला जायच्या ऐवजी पुन्हा डावीकडे पहिल्या घराशी जातात. प्रत्येक वळणावर पावलांचे ठसे काढा आणि एक आड एक ओळीला वेगळा रंग द्या.

विजयनगरहून

पटावर साप ठरलेले असतील तर मोठी मुलं बाटली आणि साबण आधी घेतील. रेघेपुढे ती कार्डं निकामीच की.

खेळघरातून

बरोबर पकडलंत. ४-५ वर्षांची मुलं आवडीचं चित्र उचलतात, त्यांना फरक पडत नाही. सहाच्या पुढे मात्र पडतो. त्यांच्यासाठी सापाच्या तोंडाची चित्रं वेगळी गोल कापून वेल्क्रोने लावा आणि कार्डं निवडून झाल्यावर अदलाबदल करा.

ग्रंथालयातून

पटावर आकडे मराठीच हवेत, हा माझा आग्रह आहे.

बालवर्गाकडून

काका, शाळेत मुलं 1, 2, 3 शिकतात. दोन्ही छापले तर घरात गर्दी होते. यावर बाकीच्यांचं मत हवं आहे. मोबाइलचा साप घ्यायचा का, हेही ठरायचं आहे, कारण त्याला अडवणारी वस्तू कोणती, ते अजून कोणाला सुचलेलं नाही. ३६ घरांचा पट शनिवारी पुठ्ठ्यावर काढून खेळवते.