शब्दचर्चा: लेखाधोरणातला बदल आणि लेखा-अंदाजातला बदल

कुपवाडकर: आमची हळद पावडरीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, युनिट कुपवाड एमआयडीसीत. मी तिथे अकाउंट्स बघते. २०२४-२५ च्या ताळेबंदात दोन बदल झालेत. ग्राइंडिंगच्या मशिनरीचं आयुष्य आधी १० वर्षं धरलं होतं. इंजिनिअरने तपासून सांगितलं की अजून ९ वर्षं आरामात चालेल. दुसरं म्हणजे, हळकुंडाचा साठा आधी ‘पहिला आलेला पहिला गेला’ या पद्धतीने धरायचो, आता भारित सरासरीने धरला. संचालकांसाठी मराठीत टिपण लिहायचंय. दोन्हींना ‘धोरणातील बदल’ असंच लिहू का? आमचे एक संचालक म्हणतात, ‘अंदाज बदलला’ असं लिहिलं तर बँकेला वाटेल आधीचे आकडे हवेतले होते.

विश्रामबाग: ताई, घसाऱ्याला हात लावला की तो धोरणातला बदलच. आम्ही सरळ रेषेवरून घटत्या शिल्लक पद्धतीवर गेलो होतो, तेव्हा पहिल्या दिवसापासूनचा घसारा नव्याने काढायला लावला होता आणि जो फरक आला तो त्याच वर्षीच्या नफ्यातोट्यात घेतला होता. तुम्हालाही तेच करावं लागेल.

जमाखर्च: विश्रामबाग, तुमचं म्हणणं त्या काळापुरतं बरोबर आहे. जुन्या एएस ६ या लेखामानकात घसाऱ्याची पद्धत बदलणं हे धोरण बदलणं होतं आणि फरक मागपासून काढावा लागायचा. पण २०१६ मध्ये सुधारित एएस १० आलं, त्याबरोबर एएस ६ गेलं, आणि आता घसाऱ्याची पद्धत बदलली तरी तो अंदाजातला बदल धरतात. शिवाय कुपवाडकरांनी पद्धत बदललेलीच नाही, फक्त आयुष्य बदललंय. आयुष्य बदलणं हे एएस ६ च्या काळातही अंदाजातच मोडायचं.

ताई, मशिनरीची किंमत किती आणि वापरून किती वर्षं झाली?

कुपवाडकर: ६० लाख, भंगार किंमत शून्य धरलेली. ४ वर्षं पूर्ण झाली होती, म्हणजे २४ लाख घसारा लागलाय.

जमाखर्च: म्हणजे पुस्तकात उरले ३६ लाख. ते आता पुढच्या ९ वर्षांत वाटायचे, वर्षाला ४ लाख. आधी ६ लाख लागत होते, तेव्हा यंदाचा नफा २ लाखांनी जास्त दिसेल. मागच्या ४ वर्षांना हात लावायचा नाही. त्या वेळी जी माहिती होती तिच्यावर तो घसारा योग्यच होता, आणि तुमच्या संचालकांना हेच सांगा. ‘अंदाज’ म्हणजे हवेतला आकडा नव्हे. मशीन किती वर्षं चालेल, उधारीतलं किती बुडेल, हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. हाताशी असलेल्या माहितीवर ठरवायचं आणि नवी माहिती आली की सुधारायचं. टिपेत साधं लिहा: ‘तांत्रिक तपासणीनुसार ग्राइंडिंग मशिनरीचे उर्वरित आयुष्य ६ वर्षांऐवजी ९ वर्षे धरले आहे. त्यामुळे चालू वर्षाचा घसारा २ लाख रुपयांनी कमी व नफा तेवढाच जास्त आहे.’ घसारा नेहमीच्याच ओळीत राहील, वेगळी ओळ काढू नका. इंजिनिअरचा दाखला मात्र फाईलला लावा.

बेदाणेवाला: माझं तासगावला कोल्ड स्टोअरेज आहे. गेल्या वर्षी नवीन कॉम्प्रेसर बसवला आणि आमच्या अकाउंटंटने त्याच्यावर घसाराच लावला नाही, राहून गेला. मग मीही यंदा ‘अंदाज बदलला’ म्हणून दोन वर्षांचा एकदम घेऊन टाकतो. चालेल ना?

जमाखर्च: नाही दादा. कॉम्प्रेसर तेव्हाही चालू होता आणि घसारा लावायचा हे तेव्हाही माहीत होतं. ती चूक आहे, तिला अंदाजाचं नाव देता येणार नाही. यंदा घ्या, पण मागच्या वर्षाची बाब म्हणून रकमेसह वेगळी दाखवा, म्हणजे यंदाच्या धंद्याचा नफा किती ते वाचणाऱ्याला कळेल.

मिरज जंक्शन: मी बँकेत कर्जखात्याचं काम करतो, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो. मशिनरीच्या २ लाखांचं मला फारसं काही वाटत नाही. साठ्याचं कसं दाखवताय त्यावर माझी नजर असते, कारण मी दोन वर्षांचे नफे शेजारी ठेवून बघतो. ताई, आकडे देता का?

कुपवाडकर: सुरुवातीचा साठा जुन्या पद्धतीने १२० लाख, सरासरीने ११२ आला असता. अखेरचा जुन्याने १५० लाख, सरासरीने १३६. मागच्या वर्षी करपूर्व नफा ४६ लाख होता. काहीच बदललं नसतं तर यंदा ४८ झाला असता.

जमाखर्च: हा मात्र धोरणातला बदल. साठ्याची किंमत कोणत्या सूत्राने काढायची हे तुम्ही निवडता, त्यात भविष्याचा अंदाज नसतो. तुम्हाला एएस ५ लागू आहे. त्यात मागचं वर्ष पुन्हा मांडत नाहीत. सुरुवातीचा साठा १२० च राहतो, अखेरचा १३६ येतो, आणि १४ लाखांचा सगळा फरक यंदाच्या नफ्यावर पडतो. ४८ मध्ये मशिनरीचे २ मिळवा, १४ वजा करा, ३६ उरतात.

मिरज जंक्शन: म्हणजे मला दिसणार ४६ वरून ३६! टीप वाचली नाही तर मी म्हणेन धंदा घसरला, आणि मर्यादा वाढवायला कचरेन.

जमाखर्च: म्हणून टिपेत नुसतं ‘पद्धत बदलली’ लिहून भागत नाही, १४ लाखांचा परिणाम लिहावाच लागतो. मी तर पुढे जाऊन लिहीन की यातले ८ लाख सुरुवातीच्या साठ्यातले, म्हणजे मागच्या वर्षांचे आहेत आणि यंदाचे फक्त ६.

मोठ्या किंवा लिस्टेड कंपनीला इंड एएस ८ लागतं, तिथे चित्र वेगळं दिसलं असतं. समजा त्या ८ पैकी ५ लाख मागच्या वर्षाचे आणि ३ त्याआधीचे. मग मागच्या वर्षाचा नफा ४१ असा नव्याने छापायचा, ३ लाख त्याआधीच्या राखीव निधीतून वजा करायचे, आणि यंदाचा नफा ४४. फरक मोठा असेल तर तुलनेच्या वर्षाच्या सुरुवातीचा तिसरा ताळेबंदही जोडायचा. धंदा तोच, पण वाचणाऱ्याला ४१ वरून ४४ दिसतं. मशिनरीच्या अंदाजाला मात्र दोन्हीकडे मागे नेत नाहीत.

विश्रामबाग: एएस ६ गेल्याचं लक्षात नव्हतं, आमचं ते प्रकरण त्याआधीचं. पण मला एक विचारायचंय. धोरण मनाला येईल तेव्हा बदलता येतं का? नफा कमी दाखवून कर वाचवायला कुणीही सरासरी लावेल.

जमाखर्च: नाही. कायद्याने सांगितलं, मानकाने सांगितलं, किंवा नव्या पद्धतीने चित्र जास्त योग्य दिसतं, एवढीच कारणं चालतात. ताई, तुमचं कारण काय लिहिलंय?

कुपवाडकर: आधी मार्केट यार्डातून सौद्यात घेतलेला प्रत्येक लॉट वेगळ्या थप्पीला लागायचा. गेल्या वर्षी मोठी टाकी बसवली. आता हळकुंड पॉलिश झालं की सगळं एकत्र पडतं, कुठला माल कुठल्या भावाचा ते सांगताच येत नाही.

जमाखर्च: कारण भक्कम आहे. पण आता मलाच एक शंका येतेय. आधीपेक्षा मुळातच वेगळ्या स्वरूपाच्या घटनेला नवं धोरण लावलं तर तो धोरणातला बदल धरत नाहीत. थप्पी आणि टाकी हे तसलं वेगळेपण म्हणायचं का? माझा कल ‘नाही’कडे आहे, कारण माल तोच आणि धंदाही तोच, फक्त साठवण बदलली.

मिरज जंक्शन: मला पटत नाही. टाकीतला माल ओळखताच येत नसेल तर जुनी पद्धत लावणार कशाला?

जमाखर्च: ‘पहिला आलेला पहिला गेला’ हे किंमत धरण्याचं गृहीत आहे, पोती ओळखता यावीच लागतात असं नाही. तरी ऑडिटरशी बोलून घ्या. टाकी वर्षाच्या मध्ये बसली असेल तर ते नक्की विचारतील की ३१ मार्चला थप्पीत किती माल होता आणि तोही सरासरीने का धरला.

कुपवाडकर: थप्पीत थोडा होता. वजनं काढून बघते.