मदत हवी आहे: शेंगा चटणीच्या व्हिडिओतून ऑडिओ कसा काढू?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. आमचा शेंगा चटणीचा 14 मिनिटांचा व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. आता त्यातून ब्लॉग, कॅरोसेल आणि ऑडिओ भाग करतोय.

लोक व्हिडिओ कुठे किती बघतात ते दाखवणारा रिटेन्शनचा आलेख पाहिला. सुरुवातीचा उंचवटा धरला नाही, तो सगळ्याच व्हिडिओंना असतो. मधे दोन ठिकाणी रेष वर चढते. एक, उखळात कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं तिथे. ते कॅरोसेलला दिलं, एका स्लाइडवर एकच टप्पा. दुसरं, आई चटणी खवट का होते ते सांगते तिथे. ते ऑडिओला. प्रमाण ब्लॉगमध्ये लिहिलं.

अडलंय ते ऑडिओत. आई सारखी म्हणते, "हे बघ, असं झालं पाहिजे." नुसतं ऐकणाऱ्याला काय कळणार? ती वाक्यं कापली तर बोलणं तुटतं. मधे माझ्या आवाजात वर्णन घालू, की आईकडून पुन्हा बोलवून घेऊ? (दुसऱ्यांदा ती पाठ केल्यासारखं बोलते!)