राखणीवाल्याची कोयती आणि पळणारा चोर

>> रात्री कलमांत आंबे चोरताना कोणी सापडला आणि राखणीवाल्याने कोयती मारली, तर ते स्वसंरक्षण धरतात का?

वार कधी आणि कुठे बसला त्यावर आहे. समजा, आमच्या रत्नागिरीकडचीच बाग. चोर दोन क्रेट भरून निघालाय. ही साधी चोरी. तिच्यासाठी बचावाचा हक्क आहे, पण जीव घेण्यापर्यंत नाही (भारतीय न्याय संहिता, कलम ४२). अडवा, धरून ठेवा, गरजेपुरती काठीही चालवा.

आता तोच चोर झेल्याची काठी उगारून अंगावर आला आणि जीव जाईल किंवा जबर इजा होईल अशी खरोखर भीती वाटली, तर मर्यादा बदलते. तिथे कोयतीही समर्थनीय ठरू शकते. कोर्ट सोनाराच्या तराजूने वार मोजत बसत नाही.

पण तो क्रेट टाकून गडग्यावरून उडी मारून पळाला, तर माल परत मिळाला आणि हक्क तिथेच संपला (कलम ४३). मागे धावून घातलेला घाव पाठीत बसतो, आणि शवविच्छेदनात तोच बोलतो. 'आधी त्याने मारलं' हे मग पटवणं कठीण.

हक्क चालू असताना, सद्हेतूने, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा इरादा नसताना हात जास्त चालला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा तरीही होतेच. पळणाऱ्याला गाठून मारलं तर ही सवलतही बहुधा हातची जाते.

मांगराचं कुलूप रात्री फोडलं तर मात्र ते घरफोडीत जातं, तिथे हक्क मोठा आहे. गरजेपुरतंच बळ, ही अट तिथेही सुटत नाही.